चौथ्या नावाची वर्गणी

(दोहा शहराच्या ओल्ड एअरपोर्ट भागात, १८ डिसेंबरच्या सुट्टीच्या दिवशी भरलेल्या आमच्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



जेवण झाले आहे, आणि जेवणानंतर पैशांचा विषय काढू नये हे आम्हांला कळते. पण मॉरिशसची आणि दोह्याची मंडळी एका खोलीत पुन्हा कधी बसतील ते सांगता येत नाही. म्हणून घरी दरवर्षी म्हाळाचा स्वयंपाक करणाऱ्या आम्ही तिघी जावांनी मिळून एक प्रस्ताव तयार केला आहे. आमच्यापैकी एक शाळेत मराठी शिकवते, म्हणून बोलायचे काम तिच्याकडे आले. पण बोलणे तिघींचे आहे.

प्रस्ताव एका वाक्यात असा : आपल्या कुळाच्या प्रत्येक घराने दरवर्षी सारखीच रक्कम द्यावी, आणि त्या पैशांतून दोनच गोष्टी व्हाव्यात. दरवर्षी सर्वपित्रीचा म्हाळ आणि दर तीन वर्षांनी देवीचा गोंधळ. तिसरे काही नाही.

आता हे एकत्र कशासाठी? प्रत्येक घर आपापल्या पितरांचे करतेच, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण श्राद्धात नावे किती पिढ्यांची घेतात ते आठवा. बाप, आजा आणि पणजा, अशा तीन पिढ्यांची. आईकडूनही तशीच तीन. चौथी पिढी नेहमीच्या तर्पणात नावाने येत नाही.

आपल्या घरात बोटीने आलेला माणूस कोण? रत्नागिरी जिल्ह्यातून निघून पोर्ट लुईला उतरला तो. आज इथे बसलेल्या काकांचा तो पणजा. काकांच्या तर्पणात तो तिसरा आहे, म्हणून काका त्याचे नाव घेतात. पण आमच्या यजमानांच्या पिढीसाठी तो खापरपणजा, म्हणजे चौथा. मुलांसाठी पाचवा. तेव्हा आज या सगळ्या कुळात त्याचे नाव हक्काने घेणारे काका एकटे उरले आहेत. काकांना उदंड आयुष्य लाभो, पण त्यांच्यानंतर हे नाव कोणत्याही एका घराचे राहणार नाही. प्रत्येक घर आपली तीन नावे घेईल आणि समुद्र ओलांडून आलेला माणूस सगळ्यांच्या यादीतून एकदमच गळेल. यात कोणाचा दोष नसेल. रीतच तशी आहे.

जे नाव कोणा एकाचे नाही ते सगळ्यांनी मिळून घ्यायचे असते. सर्वपित्री अमावास्या त्यासाठीच आहे. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचे त्या दिवशी करतात. आपल्या खापरपणज्याच्या मृत्यूची नोंद आम्हांला मिळालेली नाही, म्हणून तिथीही नाही. कोकणात मागे राहिलेल्या त्याच्या माणसांनाही ती कळली नसणार. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख माणसे करारावर मॉरिशसला उतरली. त्यांत अशी बिनतिथीची किती असतील ते तुम्हीच मनात आणा.

हे आम्ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. एकदा घडले आहे म्हणून सांगतो. इथल्या पोरांना ते माहीत नाही.

सासरे होते तेव्हा म्हाळ त्यांच्या घरी होई आणि खर्च तेच करीत. ते गेल्यावर ठरले की ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे. ऐकायला चांगले वाटले. पहिल्या वर्षी एका घराने दहा हजार मॉरिशस रुपये दिले आणि दुसऱ्या घराने तीनशे. कोणी कोणाला काही बोलले नाही. पण पंगतीत तीनशेवाल्या घराची माणसे शेवटी बसली आणि जेवण होताच उठून गेली. पुढच्या वर्षी ती आली नाहीत. दहा हजारवाले घर दोन वर्षांनी परदेशी गेले. तिसऱ्या वर्षी जमलेले पैसे तांदळालाही पुरेनात, तेव्हा म्हाळ झाला नाही. चौथ्या आणि पाचव्या वर्षीही झाला नाही.

नावे तोंडपाठ असणारे मोठे काका याच तीन वर्षांत वारले. नावे म्हाळालाच घेतली जात, आणि म्हाळच नव्हता. पुन्हा सुरू केला तेव्हा लक्षात आले की खापरपणजीचे नाव कोणालाच येत नाही. तो माणूस कोणाशी संसार करून राहिला, ती मराठी होती की तेलुगू की बिहारकडची, काहीच नाही.

ते नाव परत कसे मिळाले हेही ऐका, कारण वर्गणीतला एक छोटा खर्च त्यासाठी आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची जुनी दप्तरे जपून ठेवली आहेत. त्यात खापरपणजा मिळाला. नाव, बापाचे नाव, वय, जिल्हा आणि त्याला दिलेला क्रमांक. आडनाव नाही. त्याच्या बापाचे नावच पुढे आपले आडनाव झाले, जसे आपल्याकडच्या अनेक मराठी घरांचे झाले. गावाचे नाव आहे, पण ते कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले. त्या अक्षरांचे वाचन तीन गावांना लागू पडते. बायकोचा मात्र तिथे पत्ता नाही, कारण ती बहुधा बेटावरच जन्मलेली होती. बेटावर जन्मलेल्याला क्रमांक नसतो आणि तो उतरलेल्यांच्या दप्तरात सापडत नाही. त्यासाठी जन्म, लग्न आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी पाहाव्या लागतात. आम्ही मुलाकडून उलटे गेलो. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नाच्या नोंदीत त्याच्या आईचे नाव लिहिलेले होते. एक नाव परत मिळाले. बाकीची सहा अजून मिळायची आहेत.

म्हणून यावेळी 'ऐपतीप्रमाणे' हा शब्द नको. कोकणात गावच्या देवाची वर्गणी घरटी असते. मोठे घर आणि लहान घर यांना एकच आकडा. त्यामागे शहाणपण आहे. सगळ्यांनी सारखे दिले की पंगतीत कोणी देणारा नसतो आणि कोणी खाणारा नसतो. आकडा मात्र सगळ्यांत अडचणीत असलेल्या घराकडे पाहून ठरवावा लागतो.

आता घर म्हणजे काय? इथेच भांडणे होतात, म्हणून आधी ठरवू. जिथे वेगळी चूल आहे ते एक घर. मुलगा आईबापांबरोबर एका चुलीवर जेवतो तर दोन्ही मिळून एक घर. इथे कंपनीच्या खोलीत चौघांत राहणारे आपले दोन अविवाहित मुलगे हे घर नव्हे. लग्न होऊन चूल मांडीपर्यंत ते आईबापांच्या घरात मोजायचे. या हिशोबाने आपली घरे तेरा होतात. मॉरिशसमध्ये नऊ आणि दोह्यात चार.

त्या तेरात एक घर धाकट्या काकींचे आहे. त्या एकट्या आहेत आणि पेन्शनवर राहतात. त्यांनी एक रुपया आणि विडा-सुपारी द्यावी. वहीत त्यांचे घर इतरांसारखेच लिहायचे, खालच्या बाजूला नव्हे. रक्कम देणारी घरे मग बारा राहतात.

लेकींचे काय, असे नणंदांनी सकाळी विचारले. लग्न झालेली लेक सासरच्या कुळात जाते, म्हणून तिच्याकडे वर्गणी मागायची नाही. पण आताच म्हटले की तर्पणात आईकडच्याही तीन पिढ्या येतात. म्हणजे आपल्या लेकींच्या मुलांच्या ओठांवर आपल्या घरातली नावे असणारच आहेत. ती त्यांना ठाऊक तर हवीत. म्हणून नावांच्या वहीची एक प्रत प्रत्येक लेकीच्या घरी जाईल, आणि म्हाळाला तिचे पान मांडलेले असेल.

आता आकडा. आम्ही मॉरिशस रुपयांत मांडतो, कारण वही तिकडे राहील. दर घरामागे वर्षाला २,४०० रुपये. महिन्याला दोनशे पडतात. इथल्या आजच्या भावाने वर्षाचे साधारण १९० रियाल होतात. बारा घरांचे मिळून २८,८०० रुपये.

त्यातून मॉरिशसच्या म्हाळाचे जेवण, पंचेचाळीस माणसांचे, ८,००० रुपयांत होते. हा आमचा अंदाज नाही, गेल्या वर्षी आम्ही तिघींनीच बाजार केला आहे. खीर, वडे, भात, डाळ, अळूची भाजी, भेंडी, कारले, लाल भोपळा, कढी. दोह्यातल्या पंधरा माणसांचे ३,०००. भटजींची दक्षिणा, काळे तीळ, दर्भ आणि पूजेचे बाकी सामान १,५००. नोंदी शोधणे, त्यांच्या प्रती आणि वह्या यांना १,५००. एवढे झाले १४,००० रुपये.

उरतात १४,८००. त्यातले १२,००० दरवर्षी गोंधळासाठी बाजूला ठेवायचे. तीन वर्षांनी ३६,००० होतात, आणि तेवढ्यात एक नीट गोंधळ होतो. शेवटी राहतात २,८००. ते मुद्दाम मोकळे सोडले आहेत. एका घराची रक्कम २,४०० आहे, म्हणजे एखाद्या वर्षी एखाद्या घराला अजिबात जमले नाही तरी काही अडत नाही. त्या घराने वही ठेवणाऱ्याच्या कानावर एकट्यात घालावे, एवढेच. कारण सांगायचे नाही आणि विचारायचे नाही.

दोन घरांना जमले नाही तर? मग ताट कमी करायचे. वडे गाळा, दोन भाज्या गाळा, खीर राहू दे. नावांचा खर्च कमी करायचा नाही आणि गोंधळाच्या पैशांना हात लावायचा नाही.

हे शेवटचे जरा सविस्तर सांगतो, कारण अशा वर्गण्या बुडतात त्या इथेच. कोणी पैसे खातो असे नाही. या वर्षी ताट जरा मोठे झाले, हजार रुपये कमी पडले, गोंधळाला अजून दोन वर्षे आहेत म्हणून तिथून घेतले. पुढच्या वर्षी भरू, असे म्हटले जाते. पुढच्या वर्षी भरले जात नाहीत. म्हणून गोंधळाची वही वेगळी, आणि तिची परीक्षा अगदी सोपी. पहिल्या वर्षाअखेर १२,०००, दुसऱ्या वर्षाअखेर २४,०००, तिसऱ्या वर्षाअखेर ३६,०००. आकडा याहून कमी दिसला की विचारायचे. आमच्या तिसरीच्या वर्गातले मूलही हे तपासील. म्हणूनच आमचे म्हणणे असे, की म्हाळाच्या दिवशी जेवणाआधी दोन्ही वह्या मोठ्याने वाचाव्यात, आणि मराठी वाचता येणाऱ्या सगळ्यांत लहान मुलाने वाचाव्यात. आधी नावे, मग हिशोब.

गोंधळ कशाला हवा, असे इथल्या मुलांनी विचारले. आता नवीन लग्नांनंतर कोणी घालत नाही, म्हणतात. गोंधळात चौक मांडतात, कलश ठेवतात आणि वर पाच ऊस उभे करून बांधतात. आपली माणसे आयुष्यभर ज्याच्या पानांनी हात कापून घेत राहिली तोच ऊस तिथे देवीचा मांडव होतो. आणि गोंधळात देवांना एकेक करून, त्यांच्या गावांच्या नावाने बोलावतात. आपली कुलदेवी कुठली ते आपल्याला नक्की माहीत नाही. म्हणून आपल्याकडे तुळजापूरच्या भवानीला बोलावतात, ज्यांना आपली देवी ठाऊक नाही अशी बरीच घरे असेच करतात. उद्या गाव सापडले तर त्या गावची देवीही बोलावू. पण हा कार्यक्रम मॉरिशसमध्येच व्हावा. दिवटी पेटवून रात्रभर संबळ वाजवायचे काम इथल्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होणार नाही. धुराचा भोंगा आधी वाजेल.

म्हाळ मात्र इथे होतो, दोन वर्षे झाला आहे. पितृपंधरवड्यात दोन शुक्रवार हमखास येतात, त्यातला अमावास्येजवळचा शुक्रवार जेवणाला धरायचा. अमावास्येनंतरचा धरू नये, कारण दुसऱ्या दिवशी घट बसतात. तर्पण आणि नावे ज्या त्या तिथीलाच, कामावर जाण्याआधी. सूनबाईंनी गेल्या वर्षी गच्चीवर पान ठेवले तर कावळ्याऐवजी साळुंक्या आल्या. काकांना फोनवर विचारले, तेव्हा ते म्हणाले, जो येईल तो आपला.

दोन सूचना आल्या होत्या, त्यांना उत्तर देऊन थांबतो.

थोरल्या पुतण्याने म्हटले, काकी, एवढी वही कशाला, मीच एकटा दरवर्षी देत जाईन. बाळा, तुझे मन मोठे आहे आणि तुला ते परवडतेही. पण मग म्हाळ तुझ्या घरचा होईल आणि आम्ही पाहुणे होऊ. दहा हजारवाल्या घराचे सांगितले ते यासाठीच. ते निघून गेले तेव्हा त्यांच्याबरोबर म्हाळही गेला. तुला जास्त द्यायचे असेल तर पन्नास माणसांचे पातेले आण. ते वहीत लिहायचे नाही. भात शिजेल तेव्हा आम्हांला आठवण येईल.

दुसरी सूचना, रत्नागिरीकडच्या एखाद्या देवळाला दरवर्षी पैसे पाठवू. आमचे म्हणणे आहे की सध्या नको. पहिले कारण म्हणजे तीन गावांतले आपले कोणते ते ठरलेले नाही, आणि दुसऱ्याच्या ग्रामदेवतेला आपली म्हणून वर्गणी देणे बरे नाही. दुसरे कारण कायद्याचे. आपण मॉरिशसचे नागरिक. भारतातल्या देवस्थानाने आपले पैसे घेणे म्हणजे परकीय देणगी घेणे, आणि त्यासाठी त्या देवस्थानाकडे २०१० च्या परकीय देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी लागते. लहान गावच्या देवळाकडे ती सहसा नसते. आपल्या भक्तीमुळे तिथल्या पुजाऱ्यांना आणि विश्वस्तांना त्रास व्हायला नको.

कायद्याचे निघाले म्हणून दोह्याच्या चार घरांना एक सांगणे. या देशात परवानगीवाचून देणग्या गोळा करणे हा गुन्हा आहे. आपल्या चार घरांनी आपल्याच जेवणाचा खर्च वाटून घेणे वेगळे, आणि वर्गणीपुस्तक घेऊन इमारतीतल्या इतर मराठी घरांकडे जाणे वेगळे. हे दुसरे करायचे नाही, मोबाइलवरच्या गटात आवाहनही टाकायचे नाही. ज्यांना यायचे आहे त्यांनी जेवायला यावे, पैसे देऊ नयेत. चार घरांचे ९,६०० होतात. त्यातले म्हाळाचे ३,००० इथेच ठेवून उरलेले ६,६०० एकदाच मॉरिशसला पाठवा. प्रत्येकाने वेगळे पाठवले तर पाठवणावळ चार वेळा जाईल.

ही रक्कम तीन वर्षे बदलायची नाही. गोंधळ झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बसून नव्याने ठरवावी.

ज्या भागात आपण बसलो आहोत त्याला ओल्ड एअरपोर्ट म्हणतात. २०१४ साली प्रवाशांची विमाने नव्या विमानतळावर गेली, पण नाव राहिले, कारण इथे राहणारी माणसे ते रोज घेतात. टॅक्सीवाल्याला सांगतात, दुकानदाराला सांगतात. आपल्या चौथ्या नावाचेही तेच आहे. कोणीतरी ते घेतले पाहिजे, आणि वर्षातून एकदा पुरते.

नावांची वही आता काकांसमोर ठेवतो. त्यांनी त्यांच्या पणज्याचे नाव स्वतःच्या हाताने पहिल्या पानावर लिहावे, आणि त्याखाली त्याच्या बायकोचे, जे आपल्याला परत मिळाले आहे. ज्या घरांना हा प्रस्ताव मान्य आहे त्यांनी दुसऱ्या पानावर आपल्या घराचे नाव घालावे. पैसे आज द्यायचे नाहीत. ज्यांना विचार करायचा आहे त्यांच्यासाठी ओळ मोकळी सोडली आहे.

धाकट्या काकींनी सुपारी आणली आहे. पहिली ओळ त्यांची.